एका फोटोत सात पणत्यांच्या बारा कशा कराव्यात, नकला ओळखू न येता

आमच्या आजोळच्या घराला पुढे तीन दगडी पायऱ्या होत्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजी दर पायरीवर चार अशा बारा पणत्या लावायची. त्या घरातल्या शेवटच्या दिवाळीला मी फोनवर पायऱ्यांचा फोटो काढला, पण तोवर वाऱ्यानं पाच पणत्या विझल्या होत्या आणि मामीनं त्या पुन्हा वात सारखी करायला आत नेल्या होत्या. फोटोत सातच आल्या. पुढच्या उन्हाळ्यात घर पाडलं, त्यामुळे दुसरा फोटो काढायचा प्रश्नच उरला नाही.

आईला हाच फोटो मोठा करून भिंतीवर हवा होता, पण "पूर्ण बारा पणत्यांचा". मी वीस मिनिटांत कॉपी-पेस्ट करून दिला. बारा बाय सोळा इंचांचा प्रिंट आला, फ्रेम झाली. मामा घरी आला, चप्पल काढता काढता फ्रेमकडे बघितलं आणि म्हणाला, "अगं, ही टवका उडालेली पणती तीनदा कशी काय?"

फ्रेम उतरवली. दुसऱ्यांदा हेच काम मी तीन संध्याकाळी बसून केलं आणि त्यात जे शिकले ते इथे लिहितेय. मी गिम्प वापरलं, कारण ते फुकट आहे. फोटोशॉपमध्येही हेच सगळं जमतं, फक्त बटणांची नावं वेगळी. लेयर म्हणजे काय आणि लेयर मास्क कसा रंगवतात (पांढरं दिसतं, काळं लपतं) एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

नक्कल पकडली जाते ती कशामुळे?

मामानं बारा पणत्या एकमेकींशी ताडून पाहिल्या नव्हत्या. तसं कुणीच करत नाही. डोळ्याला एक ठळक खूण सापडते, मग तीच खूण दुसरीकडे दिसते, आणि तिथे खेळ संपतो. माझ्या बाबतीत ती खूण म्हणजे काठाचा टवका. बाकी पणत्या तंतोतंत सारख्या असत्या तरी कदाचित खपून गेल्या असत्या, कारण कुंभाराकडच्या पणत्या तशाही एकसारख्याच दिसतात.

ज्योत आणि धूर यांच्या बाबतीत मात्र तेवढीही सूट मिळत नाही. त्यांचा आकार प्रत्येक क्षणी बदलतो, त्यामुळे एकाच आकाराच्या दोन ज्योती शेजारी दिसल्या की खटकतंच. याची दोन गाजलेली उदाहरणं बातम्यांच्या फोटोंमधली आहेत. 2006 साली बैरुतवरच्या हल्ल्याच्या एका फोटोत धुराचे लोट क्लोन करून वाढवले होते. तेच ते गोळे पुन्हा पुन्हा आलेले वाचकांनी ओळखले आणि रॉयटर्सनं तो फोटो मागे घेतला. 2008 साली इराणच्या क्षेपणास्त्र चाचणीच्या फोटोत तीनाची चार क्षेपणास्त्रं केली होती. अनेक वर्तमानपत्रांनी तो छापला, आणि पकडला गेला तो धुळीच्या आणि धुराच्या सारख्या आकारांवरून. (बातमीत किंवा विक्रीच्या जाहिरातीत वस्तू वाढवणं म्हणजे सरळ फसवणूक आहे. मी घरच्या भिंतीवरच्या फ्रेमबद्दल बोलतेय.)

तेव्हा पहिलं काम म्हणजे मूळ फोटो 200 टक्के झूम करून प्रत्येक पणतीच्या खुणा कागदावर लिहून काढणं. मी पणत्यांना अक्षरं दिली. खालच्या पायरीवर क, ख, ग. मधल्या पायरीवर घ, च. वरच्या पायरीवर ट, ठ. मग नोंदी: क चा टवका. ख च्या पोटावर तेलाचा ओघळ. च ची चोच काजळीनं काळी. ठ थोडी कलंडलेली. पहिल्या खेपेला मी कॉपीसाठी क निवडली होती, कारण ती सगळ्यात पुढे आणि सगळ्यात स्पष्ट होती. म्हणजे जिची नक्कल सगळ्यात आधी ओळखू येणार, नेमकी तीच मी उचलली होती.

पणती अख्खी उचलू नका, सुटी करा

दुसऱ्या खेपेला मी पणतीचे तीन भाग केले: मातीचं भांडं, ज्योत, आणि दगडावर पडलेला उजेड. हे तिन्ही वेगवेगळ्या लेयरवर ठेवले की एका पणतीचं भांडं आणि दुसरीची ज्योत अशी जोडी लावता येते. सात भांडी आणि सात ज्योती म्हणजे 49 जोड्या होतात आणि मला हव्या होत्या फक्त पाच. मी ठरवलं की कुठलंही भांडं किंवा कुठलीही ज्योत फोटोत दोनदाच्या वर येणार नाही.

पण भांडं आणि ज्योत यांचे नियम वेगळे आहेत, आणि सगळ्यात जास्त वेळ मला तेच समजायला लागला.

भांडं कुठल्या पायरीवरून उचलायचं, हे आधी मोजून घ्या. गिम्पमध्ये मोजपट्टीचं `Measure` टूल असतं. माझ्या फोटोत खालच्या पायरीवरच्या पणतीची रुंदी साधारण 248 पिक्सेल, मधल्या पायरीवर 232, वरच्या पायरीवर 216. लांबची वस्तू लहान दिसते, एवढं आपल्याला माहीत असतं, म्हणून खालची पणती वर नेताना ती 87 टक्के केली की झालं, असं वाटतं. मग काठाची उंची मोजली, म्हणजे तोंडाचा जो लंबगोल दिसतो त्याची. खाली 136 पिक्सेल, मध्ये 102, वर 76. म्हणजे खालच्या पणतीचं तोंड रुंदीच्या 55 टक्के उघडं दिसतंय आणि वरच्या पणतीचं फक्त 35 टक्के. कारण साधं आहे: फोटो मी उभ्यानं काढला. खालच्या पायरीकडे मी जवळजवळ वाकून बघतेय, वरची पायरी नजरेच्या पातळीला जास्त जवळ आहे. खालची पणती लहान करून वर ठेवली की तिच्यात तेल फार खोलवर दिसतं आणि ती आपल्याकडे कलंडल्यासारखी वाटते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण "काहीतरी गडबड आहे" असं तो नक्की म्हणतो.

म्हणून भांडं शक्यतो त्याच पायरीवरचं घ्यायचं. मी खाली ख ची नक्कल घेतली, मध्ये घ आणि च ची, वर ट आणि ठ ची. टवक्याची क कुणालाच दिली नाही.

ज्योतीला ही अडचण नाही. ज्योत उभ्या रेषेभोवती साधारण गोल असते, त्यामुळे थोडं वरून बघा की समोरून, तिचा आकार फारसा बदलत नाही. ग ची ज्योत 87 टक्के करून वरच्या पायरीवर बेधडक नेता येते. म्हणजे भांडी आपापल्या पायरीवर राहतात आणि ज्योती पायऱ्या बदलतात. एवढ्या एका अदलाबदलीनं अर्धं काम होतं.

आडवा आरसा लावायचा मोह

नक्कल वेगळी दिसावी म्हणून बहुतेक जण ती डावी-उजवी उलटवतात. मीही पहिल्यांदा दोन पणत्या उलटवल्या होत्या. पण आमच्या पायऱ्यांवर डावीकडून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत होता. प्रत्येक भांड्याची डावी बाजू थोडी उजळ आणि उजवीकडे फिकट सावली. उलटवलेल्या दोन पणत्यांची सावली डावीकडे गेली. शिवाय त्या संध्याकाळी वारा होता, सगळ्या ज्योती थोड्या उजवीकडे झुकलेल्या होत्या आणि माझ्या दोन डावीकडे. एकाच पायरीवर दोन दिशांचा वारा!

वस्तूवर उजेड अगदी समोरून पडत असेल तरच उलटवा. नाहीतर बदल छोटे करा. `Warp Transform` टूल घेऊन `Move pixels` निवडा, ब्रशचा आकार भांड्याच्या एक तृतीयांश ठेवा आणि काठ एखाद्या ठिकाणी पाच-सहा पिक्सेल आत किंवा बाहेर ढकला. हातानं केलेल्या पणतीचा काठ तसाही वाकडाच असतो. ओळखीच्या खुणा, माझ्या बाबतीत ख चा ओघळ आणि च ची काजळी, `Heal` टूलनं नकलेवरून पुसून टाका. मग `Colors > Hue-Chroma` मध्ये `Lightness` दोन-तीन अंकांनी इकडेतिकडे. तेल मुरलेली पणती कोरडीपेक्षा गडद असते, त्यामुळे एवढा फरक खरा वाटतो.

एक खूण मी दुसऱ्या खेपेलाही विसरले होते: तेलावरची चकाकी. ज्योतीचं छोटंसं प्रतिबिंब तेलात दिसतं. भांडं कॉपी केलं की तो पांढरा ठिपकाही जसाच्या तसा येतो, आणि वरची ज्योत बदलली तरी तो जुन्याच जागी राहतो. तो पुसून नव्या ज्योतीच्या सरळ खाली बारीक ब्रशनं पुन्हा काढावा लागतो.

प्रत्यक्ष जोडणी

मधल्या पायरीवरची एक नवी पणती कशी बसवली ते सांगते. भांडं घ चं, ज्योत ग ची.

भांड्याभोवती `Free Select` नं सैलसर रेघ मारली, भांड्याच्या बाहेर पंधरा-वीस पिक्सेल दगड ठेवून आणि वरची ज्योत वगळून. कॉपी, पेस्ट. गिम्प 2.10 मध्ये पेस्ट केलेलं तरंगतं राहतं, `Shift+Ctrl+N` दाबलं की त्याचा लेयर होतो, 3.0 मध्ये तो आपोआप होतो. लेयर जागेवर सरकवला, त्याला पांढरा मास्क लावला आणि मऊ काळ्या ब्रशनं बाहेरचा दगड हळूहळू लपवला. खालच्या बाजूला मात्र हात आखडता घ्यायचा. माती जिथे दगडाला टेकते तिथे एक बारीक गडद पट्टा असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो हा. तो पट्टा मास्कमध्ये पुसला गेला की पणती हवेत तरंगते. पुसला गेलाच, तर भांड्याच्या खाली नवा लेयर घेऊन, त्याचा मोड `Multiply` करून, गडद तपकिरी रंगानं तो परत काढा.

ज्योतीसाठी कातरकाम लागतच नाही. ज्योत तिच्या भोवतालच्या अंधारासकट चौकोनात उचला, 232 भागिले 248 म्हणजे साधारण 94 टक्के लहान करा आणि लेयरचा मोड `Screen` ठेवा. या मोडमध्ये काळं गायब होतं आणि उजळ तेवढं उरतं, त्यामुळे ज्योतीच्या मऊ कडा आपोआप जपल्या जातात. भोवतालचा अंधार पूर्ण काळा नसल्यामुळे चौकोन फिकट दिसतोच. त्यावर उपाय म्हणजे `Colors > Levels` मध्ये काळ्या टोकाचा त्रिकोण उजवीकडे सरकवत न्यायचा, चौकोन दिसेनासा होईपर्यंत. ज्योतीमागचा दगड खूप उजळ असेल तर ही युक्ती चालत नाही, मग मास्कच रंगवावा लागतो. शेवटी ज्योतीची उंची थोडी कमीजास्त केली आणि टोक `Warp` नं किंचित वळवलं. वळवायचं ते वाऱ्याच्या दिशेनंच.

आता उजेड. इथे मी पहिल्यांदा पिवळ्या मऊ ब्रशनं दगडावर गोल उजेड रंगवला होता आणि तिथे हळद सांडल्यासारखं दिसत होतं. कारण असं की रंगवलेला पिवळा थर दगडाच्या खड्ड्यांवर आणि उंचवट्यांवर सारखाच बसतो. खरा उजेड तसा पडत नाही: फिकट दगड जास्त उजळतो, काळी भेग काळीच राहते. म्हणजे उजेड दगडाच्या रंगाला गुणतो, त्यात नुसती भर घालत नाही. म्हणून रंगवायचं नाही, तर दगडच उजळ करायचा. मूळ फोटोच्या लेयरची प्रत काढा, तिच्यावर `Colors > Exposure` नं एक स्टॉप वाढवा म्हणजे उजेड दुप्पट होतो, आणि `Color Balance` मधून लाल-पिवळ्याकडे थोडी झुकवा. या लेयरला पूर्ण काळा मास्क लावा आणि नव्या पणतीच्या भोवती मोठ्या, अगदी मऊ, पांढऱ्या ब्रशनं हलके हात फिरवा. जवळ जास्त, लांब कमी. भेगा, धुळीचे डाग, रांगोळीचे कण सगळे जागच्या जागी राहतात आणि त्यांच्यावर उजेड पडतो. शेजारच्या मूळ पणतीच्या भिंतीवरचा उजेड किती लांब जातो ते पाहून तेवढंच थांबायचं.

शेजारच्या भांड्याची नव्या ज्योतीकडची बाजूही किंचित उजळायला हवी. हे लोक सहसा विसरतात. त्याच मास्कवर दोन हात फिरवले की होतं.

जागा ठरवताना

माणूस पणत्या लावतो तेव्हा अंतर डोळ्यानं सारखं ठेवतो, पट्टीनं नाही. माझ्या मूळ सात पणत्यांमध्येच अंतर दहा टक्क्यांपर्यंत कमीजास्त होतं आणि काही पायरीच्या कडेला जास्त सरकलेल्या होत्या. नव्या पाचही तशाच मागेपुढे ठेवल्या. पायरीच्या कडेपासून सगळ्यांचं अंतर एकसारखं दिसलं की लगेच खटकतं.

दुसरं, मूळ आणि तिची नक्कल शेजारी येऊ देऊ नका. वरच्या पायरीवर हे जमेना. ट आणि ठ पहिल्या आणि तिसऱ्या जागी होत्या, त्यामुळे दुसरी जागा कुणालाही दिली तरी ती आपल्याच बहिणीशेजारी येणार. तिथे मी ठ ची नक्कल ठेवली, कलंडलेली होती ती सरळ केली, काठ सगळ्यात जास्त बदलला आणि ज्योत खालच्या पायरीवरच्या क ची आणली. एका पणतीला तासभर लागला.

नक्कल किती उरली ते तपासणं

नकलेचा लेयर तात्पुरता मूळ पणतीवर नेऊन ठेवा आणि मोड `Difference` करा. जिथे दोन्ही तंतोतंत सारखं तिथे काळं दिसतं. माझ्या पहिल्या फोटोत अख्खी पणती काळीकुट्ट आली असती. आता काठ, चोच आणि तेल यांच्या ठिकाणी राखाडी रेघा दिसायला हव्यात. भांड्याचं पोट काळंच राहिलं तरी चालतं, तिथे डोळा खूण शोधत नाही.

मग पूर्ण फोटो आडवा उलटवून बघा. दोन दिवस तोच फोटो बघून आपली नजर मरते, उलटवला की जरा नवा वाटतो. लहान केलेले भाग शेजारच्यापेक्षा गुळगुळीत दिसत असतील तर `Filters > Noise > RGB Noise` अगदी कमी मात्रेत द्या. लहान करताना फोनच्या फोटोतली बारीक खरखर निघून जाते, ती परत येते.

आणि सवयीनं मी एक छोटा पायथॉन कोडही चालवला. तो फोटोतल्या ठळक जागा शोधतो आणि एकमेकांपासून लांब असूनही जुळणाऱ्या जोड्या छापतो. त्यासाठी `opencv-python` 4.4 किंवा त्यापुढचं हवं.

```python
import cv2

img = cv2.imread("payrya.png", 0)
kp, des = cv2.SIFT_create(4000).detectAndCompute(img, None)

for row in cv2.BFMatcher().knnMatch(des, des, k=3):
    for m in row:
        p, q = kp[m.queryIdx].pt, kp[m.trainIdx].pt
        far = abs(p[0] - q[0]) + abs(p[1] - q[1]) > 150
        if far and m.distance < 100:
            print([round(v) for v in p + q])
```

प्रत्येक ओळीत दोन जागांचे आकडे येतात. एकाच दोन पणत्यांमधल्या ओळी ढिगानं आल्या तर तिथे अजून काम बाकी आहे. दोन-चार आल्या तर दुर्लक्ष करा. रांगोळीचे ठिपके किंवा जाळीची खिडकी फोटोत असेल तर हा कोड उगाच ओरडतो, कारण त्या गोष्टी खरोखरच सारख्या असतात. आणि कोडला ज्योत उलट्या दिशेला झुकलीय हे कळत नाही. ते माणसालाच दिसतं.

नवा प्रिंट आला तेव्हा मूळ सात पणत्यांचा फोटोही छोटा छापून फ्रेमच्या मागे लावला. मामाला सांगितलं की यातल्या पाच खोट्या आहेत, ओळख. त्यानं चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि मधल्या पायरीवरच्या एकीवर बोट ठेवलं. बरोबर होतं. तिच्या तेलातली चकाकी मी ज्योतीच्या खाली आणायची राहून गेली होती.